पाय कधी उचलायचा

पियानोपुढे नव्याने बसणाऱ्या माणसाला पायाशी दोन किंवा तीन पेडलं दिसतात. त्यांपैकी फक्त उजव्या पेडलासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. डाव्या पेडलाने आवाज मऊ होतो. मधल्याचं काम वाद्यागणिक बदलतं, आणि बऱ्याच उभ्या पियानोंवर ते रात्रीच्या सरावासाठी आवाज दाबणारं असतं. पहिली दोन वर्षं या दोघांवाचून कुणाचं काही अडत नाही. उजव्याचं मात्र तसं नाही. ते पहिल्याच दिवशी पायाला सापडतं, दाबलं की साधी कॉर्डसुद्धा भरदार वाटू लागते, आणि मग पाय तिथेच राहतो. शिकवणीला येणारा जवळपास प्रत्येक विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो तो असा: ‘पेडल कधी दाबायचं?’ या पुस्तिकेतले सगळे धडे त्याच्या उलट प्रश्नाभोवती रचले आहेत, तो म्हणजे पाय कधी उचलायचा. उचलण्याची वेळ नेमकी बसली की दाबण्याची वेळ तिच्यामागोमाग आपोआप येते. दाबण्यापासून सुरुवात केलेला पाय मात्र पुढे फार कष्टाने सुधारावा लागतो.

असं का, हे कळायला वाद्याच्या पोटात डोकावावं लागतं. उभ्या पियानोचं वरचं झाकण उघडा, किंवा ग्रँड पियानो असेल तर त्याच्या तारांवर नजर टाका. तारांना टेकून बसलेल्या लोकरी नमद्याच्या गाद्या दिसतील. हे डॅम्पर. एखादी पट्टी दाबली की त्या पट्टीचा डॅम्पर तारेपासून सुटतो, हातोडी तारेवर आपटते आणि सूर निघतो. पट्टी सोडली की डॅम्पर परत तारेवर बसतो आणि सूर थांबतो. उजवं पेडल दाबलं की हे सगळे डॅम्पर एकदम सुटतात. आता बोट उचललं तरी वाजवलेला सूर चालू राहतो. शिवाय न वाजवलेल्या ताराही मोकळ्या होतात आणि त्या सुराशी जमणाऱ्या तारा हलकेच थरथरू लागतात. पेडल दाबून ठेवा, उघड्या झाकणातून आत मोठ्याने ‘आ’ म्हणा आणि ऐका: तारा तुमचाच सूर परत देतील. पाय काढून पुन्हा ‘आ’ म्हणा, काही येणार नाही. पेडलाने कॉर्ड भरदार वाटते ती या तारांच्या साथीमुळे. (अगदी वरच्या टोकाच्या सुमारे दीड सप्तकाला डॅम्पर नसतातच. तिथल्या तारा इतक्या आखूड असतात की त्यांचा आवाज आपणहून लगेच विरतो.)

आपल्याकडे पियानोकडे येणारे अनेक जण आधी पेटी वाजवलेले असतात. त्यांनी एक फरक सुरुवातीलाच मनात पक्का करावा. पेटीचा सूर पट्टी दाबलेली आहे आणि भाता चालू आहे तोवर तितकाच राहतो. पियानोचा सूर हातोडी लागल्या क्षणापासून कमीच होत जातो, बोट कितीही दाबून ठेवा किंवा पाय. पेडल सूर वाढवत नाही, तो मधेच तुटू देत नाही इतकंच. त्यातही खालचे, तांब्याच्या तारेने वेढलेले जाड सूर बराच वेळ टिकतात आणि वरचे लवकर विरतात. पुढे ज्या सगळ्या गोष्टी येतील त्यांचं मूळ या फरकात आहे.

आता वेळेकडे येऊ. समजा, तुम्हाला सी मेजर आणि मग एफ मेजर या दोन कॉर्ड जोडून वाजवायच्या आहेत. नवशिक्याचा पाय हाताबरोबर चालतो: हात खाली, पाय खाली, हात वर, पाय वर. चालताना तसं होतं म्हणून पायाला तेच स्वाभाविक वाटतं. पण असं केलं की एफ मेजरवर पोचण्याआधी पाय वर येतो, हातही हवेत असतो आणि दोन कॉर्डच्या मधे छोटा खड्डा पडतो. तो टाळायला मग पाय वर आणायचाच नाही, असं विद्यार्थी ठरवतो, आणि सी मेजरचे सूर एफ मेजरमध्ये मिसळून गढूळ होतात. या दोन चुकांमध्ये विद्यार्थी महिनोन्महिने येरझारा घालतात. दोन्हींवर उपाय एकच आहे. नवी कॉर्ड वाजते त्या क्षणी पाय वर यायला हवा, आणि ती बोटांनी धरलेली असताना पाय पुन्हा खाली जायला हवा. म्हणजे हात खाली जाताना पाय वर आणि हात स्थिर असताना पाय खाली. जुन्या सुरांवर डॅम्पर बसतात ते नवे सूर सुरू होतानाच, त्यामुळे खड्डाही पडत नाही आणि गढूळपणाही येत नाही. याला लेगाटो पेडल म्हणतात, आणि तुम्हाला आयुष्यभर लागणाऱ्या पेडलातलं निम्म्याहून अधिक हेच असतं.

हे वाचून समजतं, पण पायाला समजायला वेळ लागतो. म्हणून पहिला धडा एका बोटाचा आहे. तर्जनीने मधला सी वाजवा आणि मनात सावकाश एक, दोन, तीन, चार मोजा. एकवर सी. दोनवर पाय खाली. तीनवर बोट पट्टीवरून उचला आणि शेजारच्या डीवर नेऊन ठेवा, अजून दाबू नका. सी वाजतच राहील, कारण आता त्याला पायाने धरलं आहे. पुढच्या एकवर डी दाबा आणि त्याच क्षणी पाय वर येऊ द्या. दोनवर पाय पुन्हा खाली. असं वरच्या सीपर्यंत जा आणि परत या. एकच बोट वापरायचं कारण हे की एका बोटाने दोन सूर जोडता येत नाहीत. जोड ऐकू आली तर ती पायाने केलेली आहे, याची खात्री पटते. प्रत्येक सुरावर तीनच्या मोजणीला कान द्या. तिथे एकटा नवा सूर ऐकू यायला हवा. मागचा सूर पुसट का होईना ऐकू आला, तर पाय उशिरा उठला किंवा पुरता वर आला नाही. सुरांच्या मधे शांतता ऐकू आली, तर पाय लवकर उठला. दोष कोणता ते कान सांगतो, पायाकडे बघण्याची गरज पडत नाही. खाली बघितलं तर उलट हात चुकतात.

हाच धडा पियानोच्या अगदी खालच्या सप्तकात करून पाहिला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. मधल्या सप्तकात स्वच्छ निघालेला बदल तिथे अस्वच्छ निघतो. जाड तारेला थांबायला जास्त वेळ लागतो. डॅम्पर तिच्यावर नुसता टेकवून लगेच उचलला तर ती वाजतच राहते. म्हणून खालचे सूर असतील तेव्हा पाय वर आल्यावर क्षणभर वरच राहू द्यायचा आणि मग खाली न्यायचा. बदल घाईने करणं म्हणजे बदल चांगला करणं असा गैरसमज अनेकांचा असतो. वर येणं नेमक्या क्षणी हवं, खाली जाणं मात्र निवांत चालतं, फक्त बोटांनी सूर सोडण्याच्या आधी ते झालं पाहिजे.

पायाच्या ठेवणीबद्दल थोडंच सांगायचं आहे. टाच जमिनीवर टेकलेली राहते आणि हालचाल घोट्यातून होते. पेडलावर चवड्याचा, अंगठ्याकडचा भाग असतो, नुसती बोटं नाहीत. पाय वर येतो म्हणजे पेडल वर येतं. तळवा पेडलाला चिकटलेलाच राहायला हवा. तो सुटला की दरवेळी पेडलावर आपटल्याचा ठक आवाज येतो, आणि शांत रचनेत तो सुरांइतकाच ऐकू जातो. आपण घरात अनवाणी वाजवतो आणि त्यात तोटा नाही, पेडल तळव्याला छान समजतं. मात्र परीक्षेला किंवा कार्यक्रमाला बूट घालणार असाल, तर आधीचे काही दिवस त्याच बुटांनी सराव करा. जाड तळाच्या बुटात पेडल कुठे अडतं ते पायाला कळेनासं होतं. लहान मुलांचा पाय पोचत नसेल, तर त्यांना बाकाच्या कडेवर घसरून बसू देऊ नका. पेडलाची उंची वाढवणारी पेटी मिळते ती वापरा, नाहीतर मूल उंच होईपर्यंत थांबा.

प्रत्येक पियानोचं पेडल वेगळ्या जागी काम करतं. वरचा काही भाग पोकळ असतो, तिथे पाय खाली गेला तरी डॅम्पर हलत नाहीत. नव्या वाद्यावर बसलात की आधी ती जागा शोधा. पेडल पूर्ण दाबून एक कॉर्ड वाजवा, हात काढून घ्या आणि पाय अगदी सावकाश वर येऊ द्या. जिथे आवाज मिटायला लागतो तिथे डॅम्पर तारांना लागत आहेत. जिथे तो पुरता संपतो तिथवर दर बदलाला यायचं असतं. खाली जातानाही तळ गाठण्याची गरज नाही, डॅम्पर तारांपासून मोकळे झाले की पुरे.

आता एक रचना हातात घेऊ. एरिक सातीने 1888 साली रचलेली पहिली जिम्नोपेदी मी मुद्दाम निवडली आहे. सूर कमी, गती संथ, आणि पेडलाशिवाय ती वाजवताच येत नाही. तीन मात्रांची चाल आहे. पहिल्या मापात पहिल्या मात्रेवर डावा हात खालचा जी वाजवतो आणि दुसऱ्या मात्रेवर बी, डी, एफ शार्प ही कॉर्ड. दुसऱ्या मापात खालचा डी आणि मग ए, सी शार्प, एफ शार्प. पुढे बराच वेळ हीच दोन मापं आलटून पालटून येतात. खालचा सूर संपूर्ण माप टिकायला हवा असं लिहिलेलं आहे, पण त्या जीपासून कॉर्डच्या वरच्या एफ शार्पपर्यंत जवळजवळ दोन सप्तकांचं अंतर आहे. कुठलाही हात तेवढा फाकत नाही. जी सोडून वर उडी मारावीच लागते, आणि सोडलेला जी पायानेच धरायचा असतो.

इथे नवशिक्या हटकून एक चूक करतो. कॉर्ड भरदार वाटावी म्हणून तो दुसऱ्या मात्रेवर, कॉर्डबरोबर पेडल दाबतो. तोवर बोटाने जी सोडलेला असतो, त्याचा डॅम्पर बसलेला असतो, आणि पेडल फक्त कॉर्डला धरतं. खालचा आधार निघून जातो आणि रचना पोकळ वाटते, पण नेमकं काय हरवलं ते चटकन कळत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. तिसऱ्या मात्रेवर थांबा, हात मांडीवर ठेवा आणि पाय तसाच राहू द्या. खालचा जी ऐकू येतो का? येत नसेल, तर पेडल उशिरा गेलं. बरोबर क्रम असा: पहिल्या मात्रेवर जी वाजताना पाय वर, बोट जीवर असतानाच पाय खाली, मग हात उचलून दुसऱ्या मात्रेवर कॉर्ड, आणि पाय पुढच्या मापाच्या पहिल्या मात्रेपर्यंत खालीच. पुढच्या मापात डी वाजला की पाय वर. पहिल्या जीच्या आधी काहीच वाजत नसल्याने तिथे पाय आधीच खाली असला तरी चालतं.

या जागी आणखी एक फसवणूक होते. एफ शार्प दोन्ही कॉर्डमध्ये आहे. त्यामुळे बदल कच्चा राहिला तरी कानाला दोन्ही मापं छान जुळल्यासारखी वाटतात. म्हणून एफ शार्प ऐकू नका, बी ऐका. दुसऱ्या मापाच्या तिसऱ्या मात्रेवर मागच्या मापातला बी शिल्लक असेल, तर तो शेजारच्या एशी घासताना ऐकू येतो. शिकवताना मी विद्यार्थ्याला हा बी गायला लावते. एकदा तो गायला की कान त्याला शोधून काढतो.

पाचव्या मापात उजवा हात सुरावट घेऊन येतो आणि प्रश्न अवघड होतो. सहाव्या मापात सुरावट जी, एफ शार्प, सी शार्प अशी आहे. पहिल्या मात्रेवरचा जी आणि खालचा डी एकदमच वाजतात, म्हणजे पेडल डीला धरतं तेव्हा जीलाही धरतं. दुसऱ्या मात्रेवर एफ शार्प आला की तो त्या लांबलेल्या जीला घासतो. सातव्या मापात बी, सी शार्प, डी हे लागून असलेले तीन सूर एकाच पेडलात येतात. आता काय करायचं? मधेच पेडल बदललं तर सुरावट स्वच्छ होते, पण खालचा सूर जातो आणि डाव्या हाताने तो पुन्हा धरता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: खालचा सूर राखा. सुरावट वरच्या पट्टीत आहे, तिचे सूर लवकर विरतात, आणि रचना मृदू वाजवायची आहे. जी हलका ठेवला आणि एफ शार्प त्याच्याहून किंचित ठाम वाजवला, तर तो घासणारा जी मागे पडतो आणि जे धुकं उरतं ते या संगीताला शोभतं. तेच सूर जोरात वाजवले तर मात्र ते सहन होत नाही. पेडलाचा निकाल असा पुष्कळदा हाताच्या वजनावर ठरतो. पाय बरोबर असूनही गढूळ ऐकू येत असेल, तर आधी हात हलका करून बघा.

छापील नोटेशनमधल्या खुणांबद्दल एक सूचना द्यायला हवी. जुन्या आवृत्त्यांत वळणदार अक्षरांत लिहिलेली ‘पेड’ ही खूण दाबण्यासाठी आणि फुलीसारखी चांदणी सोडण्यासाठी असते. शोपँच्या रचनांत त्या पानोपानी दिसतात. चांदणी बहुतेक वेळा पुढच्या ‘पेड’च्या जरा आधी छापलेली असते. ती शब्दशः पाळून पाय आधीच उचलला, तर वर सांगितलेला खड्डा पडतो. लागोपाठ कॉर्ड जोडायच्या असतील तिथे चांदणी आणि पुढची ‘पेड’ मिळून एकच बदल समजा आणि तो नव्या सुरावर करा. चांदणीनंतर विरामचिन्ह असेल तर मात्र खरोखर सोडा, तिथे शांतता मुद्दाम लिहिली आहे. नव्या आवृत्त्यांत कॉर्डखाली आडवी रेघ असते आणि तिच्यात छोटी टोकं असतात. टोक म्हणजे वर आणि लगेच खाली.

खुणा शब्दशः पाळण्याचं सर्वांत मोठं संकट बेथोवनच्या ‘मूनलाइट’ सोनाटात येतं, आणि ती वाजवण्याची इच्छा प्रत्येक नवशिक्याला असते. 1801 सालच्या या सोनाटाचा पहिला भाग सबंध डॅम्परविना, म्हणजे पेडल दाबून वाजवावा अशी बेथोवनची सूचना आहे. त्या काळच्या पियानोच्या तारा हलक्या होत्या, चौकट लाकडी होती आणि सूर लवकर विरायचा. आजच्या लोखंडी चौकटीच्या पियानोवर तसं केलं, तर चौथ्या-पाचव्या मापापर्यंत सगळे सूर एकमेकांत कालवले जातात. म्हणून कॉर्ड बदलते तिथे पेडल बदला. बेथोवनला हवा होता तो तरंगता आवाज त्यातूनच जवळचा मिळतो.

कुठे पेडल नको, हेही सांगायला हवं. पहिल्या वर्षात वाजवल्या जाणाऱ्या बाखकाळच्या मिन्युएटमध्ये पाय जमिनीवर ठेवा. तिथली जोड बोटांनी करायची असते आणि पेडल ती शिकू देत नाही. भरभर चालणाऱ्या सुरावळीत आणि तुटक लिहिलेल्या सुरांवरही तसंच. एखाद्या रचनेत पेडल आळस झाकतंय का, हे तपासायचं असेल तर ती पेडलाशिवाय वाजवा. बोटांनी जिथे जोडता येणं शक्य होतं तिथे खड्डे ऐकू आले, तर आधी बोटं दुरुस्त करा.

आज अनेकांकडे खरा पियानो नसून डिजिटल पियानो किंवा कीबोर्ड असतो. त्यावरही हे सगळे धडे करता येतात, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कीबोर्डबरोबर मिळणारं चौकोनी बटणासारखं पेडल फरशीवर सरकत जातं आणि टाच त्याच्यामागे धावते. त्याखाली रबरी चटई घाला, किंवा खऱ्या पेडलाच्या आकाराचं, वजनदार पेडल घ्या. दुसरं असं की बरेच कीबोर्ड सुरू होताना पेडलाची स्थिती तपासतात. तेव्हा पाय पेडलावर असला तर ते उलटं चालू लागतं: दाबल्यावर आवाज तुटतो आणि सोडल्यावर लांबतो. पेडल बिघडलं म्हणून दुकानात नेण्याआधी वाद्य बंद करा, पेडल जोडलेलं आहे हे बघा, पाय बाजूला घ्या आणि पुन्हा सुरू करा. साधं पेडल फक्त चालू आणि बंद एवढंच जाणतं, त्यामुळे अर्धवट दाबण्याचे शेवटचे दोन धडे त्यावर करता येणार नाहीत. ते खऱ्या पियानोसाठी किंवा अर्धं पेडल ओळखणाऱ्या डिजिटल वाद्यासाठी राखून ठेवा.

धडे क्रमाने करा. कुठलीही रचना आधी पेडलाशिवाय हातात बसवा, मग पेन्सिलीने स्वतःच्या खुणा करा, आणि फोनवर ध्वनिमुद्रण करून वाद्यापासून दूर बसून ऐका. वाजवताना कान हातात गुंतलेला असतो, त्याला मागचा सूर ऐकू येत नाही. मुद्रणात तो लगेच सापडतो. खोली बदलली की खुणाही बदलाव्या लागतील: पडदे आणि गाद्यांनी भरलेल्या घरात जे पेडल बेताचं वाटतं तेच उघड्या फरशीच्या हॉलमध्ये जास्त होतं, म्हणून त्या खुणा पेनाने करू नका. पहिल्या धड्यातला एका बोटाचा सराव खाली न बघता, दोन्ही दिशांना स्वच्छ येईपर्यंत दुसरा धडा उघडू नका, एवढी विनंती आहे.